गीताईचे शब्दानुसारित्व : स्थितप्रज्ञ-प्रकरणातील दोन श्लोकांची पदजुळणी

विनोबा भावे यांच्या ‘गीताई’विषयी मराठी समीक्षेत दोन विधाने वारंवार केली जातात. पहिले असे की, हा मूळ गीतेचा अत्यंत शब्दनिष्ठ अनुवाद आहे. श्लोकाला श्लोक, चरणाला चरण ठेवूनही त्यात पदरचे जवळजवळ काही घातलेले नाही. दुसरे असे की, ही स्वतंत्र मराठी काव्यरचना असून ती ऐकताना संस्कृताची आठवण होत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात काय, आणि असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रश्न मात्र बहुधा रसास्वादाच्या पातळीवरच सोडून दिला जातो. ‘शब्दशः’ हे विशेषण वापरताना नेमके काय मोजले, याचा हिशेब कोणी देत नाही. मूळ आणि अनुवाद यांतील पदे एकापुढे एक मांडून असा हिशेब देता येतो. तो कसा देता येतो, आणि दिल्यावर काय हाती लागते व काय निसटते, याचा विचार येथे गीताईच्या एका छोट्या नमुन्याच्या आधारे करावयाचा आहे.

गीताईची जन्मकथा परिचित आहे. संस्कृत गीता कळत नाही म्हणून तिचा मराठी अनुवाद हवा, अशी विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांची इच्छा होती. त्या १९१८ मध्ये निवर्तल्या. १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले. ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी वर्ध्यातच अनुवादास आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी तो पूर्ण झाला. पहिली आवृत्ती १९३२ मध्ये, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना निघाली. त्याच तुरुंगात त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी टिपून घेतली. सुटकेनंतर, १९३२ च्या अखेरीस, विनोबा वर्ध्यालगतच्या नालवाडी या खेड्यात राहावयास गेले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत तेथेच राहिले. टकळीवरील सुताच्या मजुरीवर जगण्याचे त्यांचे प्रयोग याच वास्तव्यातले. नालवाडी परिसरातील गोपुरी येथे पुढे गीताई मंदिर उभे राहिले. १९८० मध्ये विनोबांच्याच हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यात मूर्ती नाही. उभ्या शिळांवर गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. अनुवादाला, मूळ ग्रंथाला नव्हे, दगडात कोरून ठेवण्याचा हा प्रकार अनुवादाच्या इतिहासात विरळा म्हटला पाहिजे. ज्या संहितेला असे अक्षररूप स्थैर्य मिळाले, तिचे मूळ संहितेशी असलेले नाते पदागणिक तपासणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

अशी तपासणी ही काही अलीकडची परकी कल्पना नव्हे. आपल्याकडील टीकाग्रंथांतील पदच्छेद, अन्वय आणि प्रतिपदार्थ ही त्रयी म्हणजे मूळातील प्रत्येक पदाचा हिशेब देण्याचीच शिस्त होय. विनोबा आणि त्यांचे बंधू शिवाजी भावे यांचा ‘गीताई शब्दार्थ कोश’ही याच दिशेने जातो. पाश्चात्त्य अभ्यासात हा प्रश्न हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक अनुवादाच्या निमित्ताने काटेकोरपणे मांडला गेला. जेम्स बार यांनी १९७९ मध्ये शब्दनिष्ठतेचे प्रकार वेगळे करून दाखविले; शब्दनिष्ठता ही एकच गोष्ट नसून अनेक गोष्टींचा समुच्चय आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. एमॅन्युएल टॉव्ह यांनी त्यानंतर काही निकष सुचविले. मूळातील प्रत्येक घटकाला स्वतंत्र प्रतिशब्द आहे काय, पदांचा क्रम राखला आहे काय, संख्येत भर वा घट झाली आहे काय, एका मूळ शब्दाला सर्वत्र एकच प्रतिशब्द वापरला आहे काय, आणि निवडलेला प्रतिशब्द अर्थाने उचित आहे काय, हे ते निकष. यांपैकी पहिले तीन बऱ्याच अंशी मोजता येतात. चौथ्यासाठी मोठा नमुना लागतो. पाचवा मोजण्यापेक्षा विवेकाचा विषय आहे. पुढील विवेचनात पहिल्या तिहींवर भर दिला आहे.

नमुना म्हणून दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञ-प्रकरणाचे पहिले दोन श्लोक, म्हणजे ५४ आणि ५५, घेतले आहेत. पहिल्यात अर्जुनाचा प्रश्न आहे, दुसऱ्यात उत्तराचा आरंभ. या प्रकरणाचे एकोणीस श्लोक गांधींच्या आश्रमातील सायंप्रार्थनेचा भाग होते आणि विनोबांनी १९४४ मध्ये शिवनीच्या तुरुंगात त्यांवर स्वतंत्र व्याख्याने दिली. ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ हा ग्रंथ त्यांतून सिद्ध झाला.

मोजणीला बसण्यापूर्वी ‘पद’ कशाला म्हणावयाचे, हे ठरवावे लागते. येथेच बहुतेक मोजण्या बिघडतात. संस्कृतातील लेखी एकक आणि पद एक नसतात. पंचावन्नाव्या श्लोकात ‘आत्मन्येवात्मना’ असे एकसंध दिसणारे रूप आहे. संधी सोडविला की त्यातून ‘आत्मनि’, ‘एव’ आणि ‘आत्मना’ अशी तीन पदे निघतात. उलटपक्षी मराठीत ‘आत्म्यातचि’ हे एक लेखी एकक असले, तरी त्यातील ‘चि’ हा अवधारणार्थक निपात ‘एव’चे काम करतो. संस्कृताचे ‘एव’ सुटे मोजले आणि मराठीचे ‘चि’ मोजलेच नाही, तर अनुवादाने एक पद गाळले असा खोटा निष्कर्ष निघेल. म्हणून दोन्ही बाजूंचे निपात सुटे मोजले आहेत. विभक्तिप्रत्यय मात्र कोठेच सुटे केलेले नाहीत. समास एक पद मानला आहे. ‘श्रीभगवान् उवाच’ यासारखी वक्त्याची सूचना मोजणीबाहेर ठेवली आहे. या नियमांनी मूळ चोपन्नाव्या श्लोकात १२ आणि पंचावन्नाव्यात १३, अशी एकूण २५ पदे होतात. गीताईत दोन्ही श्लोकांत प्रत्येकी १३, म्हणजे २६ पदे भरतात. नुसती एकूण संख्या जुळली म्हणजे शब्दनिष्ठता सिद्ध झाली असे नव्हे. पण भर आणि घट यांचा तोल येथे विलक्षण जवळ आहे, हे पहिले निरीक्षण.

आता जुळणी. मूळातील प्रत्येक पद तीनपैकी एका वर्गात टाकावयाचे: सरळ जुळलेले, वळण घेऊन जुळलेले आणि गळालेले. चोपन्नाव्या श्लोकात ‘प्रभाषेत’ला ‘बोले’, ‘आसीत’ला ‘राहे’, ‘व्रजेत’ला ‘फिरे’ अशा तीन क्रियापदांच्या तीन सरळ जोड्या आहेत. ‘किम्’ तीनदा येते आणि तिन्ही वेळा ‘कसा’ येतो. पूर्वार्धातील ‘का’लाही ‘कसा’च दिला आहे. ‘स्थितप्रज्ञस्य’ची षष्ठी जाऊन प्रथमा आली, पण पद कायम आहे. ‘समाधिस्थस्य’ या समासाला ‘समाधीत’ आणि ‘स्थिरावला’ अशी दोन पदे लागली. मराठीने समास सोडवून दाखविला, इतकेच. ही नऊ पदे सरळ जुळली. ‘केशव’च्या जागी ‘कृष्णा’ आहे. संबोधन राहिले, नाम बदलले. ‘भाषा’ या पदाला मराठीत नामच नाही. त्याच्या जागी ‘असे’ हे क्रियापद येते. ही दोन पदे वळण घेऊन जुळली. उत्तरार्धातील ‘स्थितधीः’ गळाले. आणि मराठीत ‘सांग’ हे एक पद मूळात नसलेले आले.

पंचावन्नाव्या श्लोकात ‘प्रजहाति’ला ‘सोडूनि’, ‘कामान्’ला ‘कामना’, ‘सर्वान्’ला ‘सर्व’, ‘मनोगतान्’ला ‘अंतरातील’, ‘आत्मनि’ व ‘एव’ यांना ‘आत्म्यातचि’, ‘आत्मना’ला ‘स्वये’, ‘तुष्टः’ला ‘तुष्ट’, ‘स्थितप्रज्ञः’ला तेच पद आणि ‘उच्यते’ला ‘बोलिला’, अशी दहा पदे सरळ जुळतात. ‘यदा’ आणि ‘तदा’ यांच्या जागी ‘जो’ आणि ‘तो’ आहेत, हे वळण. ‘पार्थ’ हे संबोधन गळाले आणि ‘असे’ हे सहायक क्रियापद जादा आले.

एकूण हिशेब असा: २५ पदांपैकी १९ सरळ जुळली, ४ वळणाने, २ गळाली. म्हणजे सरळ जुळणी शेकडा ७६. आणि काही ना काही जोडी मिळालेली पदे शेकडा ९२. उलट दिशेने पाहता गीताईच्या २६ पदांपैकी केवळ २ निराधार आहेत. ही उलट दिशेची मोजणी आवश्यक आहे. ज्ञानेश्वरीने सातशे श्लोकांसाठी सुमारे ९००० ओव्या खर्चिल्या, म्हणजे श्लोकामागे सुमारे तेरा. तेथे मूळातील पद कोणत्या ना कोणत्या ओवीत सापडण्याचा संभव साहजिकच मोठा. केवळ मूळाकडून मोजणाऱ्याला ज्ञानेश्वरीही शब्दनिष्ठ वाटू शकेल. मराठीकडून मोजले की ती भाष्य आहे, हे पहिल्याच श्लोकाला दिसते.

मात्र ७६ या आकड्यात एक फुगवटा असू शकतो. संस्कृतातून मराठीत येताना तत्सम शब्द आयता मिळतो. तो जुळला यात अनुवादकाची शब्दनिष्ठा किती आणि भाषाभगिनीत्व किती? म्हणून सरळ जुळलेली १९ पदे पुन्हा दोन भागांत वाटावी लागतात. ‘स्थितप्रज्ञ’ दोनदा, ‘समाधि’, ‘काम’, ‘सर्व’, ‘आत्मा’ आणि ‘तुष्ट’ अशा ७ ठिकाणी मराठीने मूळाचेच रूप वा त्याचा निकटचा आप्त ठेवला. उरलेल्या १२ ठिकाणी शब्द खरोखर बदलला आहे. ‘व्रजेत’चे ‘फिरे’ किंवा ‘मनोगत’चे ‘अंतरातील’ ही निवड आहे, वारसा नव्हे. बारीक पाहता असे दिसते की क्रियापदे, सर्वनामे व निपात मराठी झाले आणि नामे व विशेषणे बहुतांशी संस्कृत राहिली. गीताई मराठी वाटते आणि तरी मूळाला धरून असते, या दुहेरी प्रत्ययाचे एक कारण या वाटणीत असावे. वाक्याची हालचाल ज्या शब्दांवर चालते, ते शब्द मराठीचे आहेत.

क्रमाची मोजणी यापेक्षा बोलकी ठरते. मूळातील पदांना अनुक्रमांक द्यावेत आणि गीताईत ते क्रमांक कोणत्या ओळीने येतात ते पाहावे. ज्या दोन पदांचा परस्परक्रम उलटला, ती एक उलटापालट. चोपन्नाव्या श्लोकात जुळलेल्या ११ पदांच्या ५५ जोड्या होतात. त्यांपैकी फक्त ३ उलटल्या आहेत, आणि त्या तिन्ही ‘समाधिस्थ’ पुढे आणल्यामुळे. उत्तरार्धात एकही नाही. पंचावन्नाव्यात १२ पदांच्या ६६ जोड्यांपैकी १० उलटल्या. त्यांपैकी ६ केवळ ‘प्रजहाति’ आणि ‘यदा’ ही मूळातील पहिली दोन पदे मराठीत कर्मानंतर गेल्यामुळे आहेत. क्रियापद कर्मानंतर ठेवणे हा मराठीचा स्वभाव. संस्कृत अन्वय लावतानाही आपण तेच करतो. म्हणून क्रम मूळ श्लोकाशी ताडला की अन्वयाशी, हे सांगितल्याशिवाय असा आकडा निरर्थक ठरतो.

चोपन्नाव्या श्लोकाच्या शेवटी मात्र एक गोष्ट आढळते, जी केवळ क्रम मोजल्यामुळेच नजरेत भरते. मूळात तीनपैकी पहिल्या दोन प्रश्नांत ‘किम्’ आधी व क्रियापद नंतर आहे. तिसऱ्यात ‘व्रजेत किम्’ असा क्रम उलटला आहे. गीताईतही दोनदा ‘कसा’ आधी येतो आणि तिसऱ्यांदा ‘फिरे कसा’ असे होते. वृत्ताची सक्ती म्हणून याचे स्पष्टीकरण सुचते. ते मूळापुरते खरे आहे. अनुष्टुभाच्या सम चरणात पाचवे अक्षर लघु, सहावे गुरु आणि सातवे लघु लागते. तेथे ‘किं व्रजेत’ ठेवले, तर पाचवे ‘किं’ गुरु आणि सहावे ‘व्र’ लघु होऊन चरण मोडतो. म्हणून संस्कृतात उलटा क्रम अपरिहार्य होता. मराठीत तशी सक्ती नाही. ‘फिरे कसा’ या चार अक्षरांत लघु-गुरूंची जी मांडणी आहे, नेमकी तीच ‘कसा फिरे’मध्ये आहे. म्हणजे अनुवादकाला सरळ क्रम ठेवणे छंदाच्या दृष्टीने मोकळे होते, आणि तीन वेळा एकच रचना येऊन पाठांतरालाही ते सोयीचे झाले असते. तरीही मूळाचा उलटा क्रम आला. वृत्ताचे स्पष्टीकरण येथे बाद होते, आणि मूळाच्या पदक्रमाचे अनुसरण हेच अधिक संभाव्य कारण उरते. एका उदाहरणावरून सवय सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु पुढील तपासणीत नेमके काय शोधावे, हे त्यावरून कळते. समश्लोकी अनुवादात वृत्त आणि मूळ यांचे दाब एकमेकांत मिसळलेले असतात. पर्यायी क्रम छंदात बसवून पाहिला म्हणजे ते वेगळे करता येतात. वामनपंडितांच्या समश्लोकी गीतेपासून पुढील सर्व समश्लोकी अनुवादांना ही कसोटी लावता येण्यासारखी आहे.

जुळणीत चुका कोठे होतात, हेही याच नमुन्यात दिसते. पहिली चूक शब्दाच्या आजच्या अर्थाने फसण्याची. ‘बोलिला’ हे रूप आजचा वाचक ‘बोलला’ असे कर्तरी वाचतो आणि ते ‘उच्यते’शी जुळत नाही, असे त्याला वाटते. वस्तुतः जुन्या मराठीच्या वळणाने ते कर्मणी आहे: ‘म्हटला जातो’. दुसरी चूक गाळणे आणि एकत्र करणे यांत भेद न करण्याची. ‘स्थितधीः’ येथे गळाले असे वर म्हटले. पण पुढे छप्पन्नाव्या श्लोकात याच पदाच्या जागी गीताईत ‘स्थितप्रज्ञ’ येते. म्हणजे अनुवादकाला ही दोन पदे एकार्थक वाटत होती आणि चोपन्नाव्या श्लोकात दोन पदांना मिळून त्याने एक पद ठेवले, असे मानण्यास आधार आहे. तसे मानले, तर गळालेल्या पदांत केवळ ‘पार्थ’ उरते. दोन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे जुळणी केली, तर मतभेद होण्याचा संभव ‘स्थितधीः’ आणि ‘भाषा’ याच जागी अधिक. अशा जागा लपविण्याऐवजी दोन्ही आकडे देणे अधिक प्रामाणिक.

आता वळणाने जुळलेल्या चार पदांकडे. शेकडेवारीत ती १६ इतकी क्षुल्लक दिसतात. अर्थदृष्ट्या मात्र सगळे मर्म तेथेच आहे. ‘केशव’ बाजूला ठेवू. ‘का भाषा’ याचा शब्दशः अर्थ ‘भाषा कोणती’ असा; परंतु पुढे ‘कसा बोलतो’ हा प्रश्न वेगळा असल्यामुळे, येथे ‘त्याचे वर्णन कसे केले जाते’ असा अर्थ शांकरभाष्याने घेतला. ‘कसा असे’ हे गीताईचे वळण त्या परंपरेशी सुसंगत आहे. शब्द सुटला तो अर्थ धरण्यासाठी.

‘यदा-तदा’चे ‘जो-तो’ होणे याहून दूरगामी आहे. मूळाचे वाक्य कालवाचक आहे: जेव्हा मनुष्य सर्व काम टाकतो, तेव्हा त्याला स्थितप्रज्ञ म्हणतात. गीताईचे वाक्य व्यक्तिवाचक आहे: जो टाकून असतो, तो स्थितप्रज्ञ. पहिल्यात एक अवस्था आहे, जी येईल आणि कदाचित जाईलही. दुसऱ्यात एक पुरुष आहे, ज्याचे ते लक्षण आहे. आता ‘जेव्हा-तेव्हा’ विनोबांना वर्ज्य होते असे नाही. अठ्ठावन्नाव्या श्लोकात, कासवाच्या दृष्टान्तात, मूळात ‘यदा’ने सुरू झालेले वाक्य ‘तस्य’ने संपते, गीताई तेथे शेवटी ‘तेव्हा’ ठेवते. म्हणजे तेथे मूळातील ‘त्याची’ सोडून कालवाचकता राखली, आणि येथे मूळातील कालवाचकता सोडून ‘तो’ आणला. पदागणिक जुळणी दोन्हीकडे एकेक उणे नोंदविते. परंतु अर्थाच्या दृष्टीने ही दोन वळणे परस्परविरुद्ध दिशांची आहेत. अर्जुनाचा प्रश्न पुरुषाविषयी असल्यामुळे उत्तराच्या पहिल्या वाक्यात पुरुषच उभा करावा, आणि इंद्रियसंयमाच्या दृष्टान्तात क्रिया व तिचा काळ महत्त्वाचा असल्यामुळे तेथे काळ राखावा, अशी संगती लावता येते. ती अनुमानरूप आहे. पण जुळणी मांडल्याशिवाय हा प्रश्न सुचलाच नसता.

आणखी एक नाते केवळ जुळणी मोजणाऱ्याच्या हातून निसटते. ‘समाधिस्थ’मधील ‘स्थ’ला गीताई ‘स्थिरावला’ देते आणि सत्तावन्नाव्या व अठ्ठावन्नाव्या श्लोकांच्या शेवटी ‘प्रतिष्ठिता’ला ‘स्थिरावली’ देते. दोन मूळ पदांना एकच प्रतिशब्द, म्हणून सातत्याच्या निकषावर हे उणे ठरेल. पण ‘स्थित’, ‘समाधिस्थ’ आणि ‘प्रतिष्ठित’ ही तिन्ही मूळात ‘स्था’ या एकाच धातूची रूपे आहेत, आणि ‘स्थिर’ही त्याच कुळातला. पदापदाच्या खाली धातूची जी एकतानता मूळात होती, ती मराठीत एका क्रियापदाने परत मिळविली. पद हे एकक धरणारी मोजणी याला दोष म्हणेल. धातू हे एकक धरले तर तीच शब्दनिष्ठता ठरते.

दोन श्लोकांवरून सातशेंविषयी विधान करता येणार नाही, हे उघड आहे. शिवाय हे प्रकरण नित्यपाठातील असल्यामुळे अनुवादकाचे लक्ष तेथे विशेष असण्याचा संभव आहे. दर पन्नासावा श्लोक घेतला, तर चौदा श्लोकांचा निष्पक्ष नमुना मिळेल आणि हेच नियम त्यास लावता येतील. तेथे सरळ जुळणी ७६ च्या आसपास राहते की घसरते, संबोधने किती वेळा गळतात आणि कालवाचक पदे किती वेळा व्यक्तिवाचक होतात, हे तीन प्रश्न त्या नमुन्याला विचारावयाचे. तूर्त इतके म्हणता येते की, आरंभीची दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. पंचवीसांपैकी एकोणीस पदांत गीताई मूळाच्या पावलावर पाऊल ठेवते, एका ठिकाणी तर छंदाची सक्ती नसतानाही. आणि जेथे ती पाऊल बाजूला टाकते, तेथे बहुधा अनुवादकाने गीता कशी वाचली याची खूण सापडते. शेकडेवारीचा उपयोग त्या खुणांपर्यंत वाचकाला नेऊन सोडण्यापुरता. पुढचे वाचन ज्याचे त्याने करावयाचे.